एक खातं बंद करायला सदतीस दिवस: कोथरूडमधलं एक प्रकरण

९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमेचा शनिवार. माझा मावसभाऊ वाकडहून कोथरूडला राखी बांधून घ्यायला आला आणि नारळीभाताचं ताट पुढे येण्याआधीच त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला. "ताई, हे शेअरचं ॲप बंद करायचंय. तीन वेळा अर्ज केला, तीन वेळा नाकारला. आणि वर बँकेनं ५९० रुपये कापले."

मी हिशेबाची आणि कर-विवरणपत्रांची कामं करते, त्यामुळे घरातल्या अशा गोष्टी शेवटी माझ्याकडेच येतात. त्याचं खातं १५ सप्टेंबरला बंद झालं, म्हणजे राखीपौर्णिमेपासून सदतीस दिवसांनी. त्यातले बरेचसे दिवस कुणाच्या हलगर्जीमुळे नव्हे, तर कामांचा क्रम चुकल्यामुळे आणि एका नियमामुळे गेले. तो नियम आम्हा दोघांनाही आधी सुचला नव्हता. त्याच्या परवानगीने ते सगळं इथे मांडते आहे.

तो काय बंद करत होता

टाळेबंदीच्या काळात, जून २०२० मध्ये, त्यानं हे खातं मोबाइलवरून अर्ध्या तासात उघडलं होतं. पाच वर्षांत त्यात अकरा कंपन्यांचे शेअर आणि एक सोन्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकता येणारा सोन्याचा फंड, जमला. सगळ्याची किंमत त्या दिवशी साधारण तीन लाख साठ हजार. शिवाय त्याच ॲपमधून म्युच्युअल फंडाच्या दोन एसआयपी चालू होत्या, एक ५ तारखेची आणि एक १० तारखेची.

बंद करण्याचं कारण साधं होतं. ॲप दर तिमाहीला डिमॅट खात्याची, म्हणजे जिथे शेअर ठेवलेले असतात त्या खात्याची, ७५ रुपये देखभाल फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ८८ रुपये ५० पैसे घेत होतं. त्याला सगळं आपल्या पगाराच्या बँकेतल्या डिमॅटमध्ये न्यायचं होतं, कारण तिथे मूलभूत सेवा डिमॅट, म्हणजे बीएसडीए, मिळू शकतं. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार या प्रकारच्या खात्यात चार लाखांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक फी लागत नाही, चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये लागतात. अट एकच, पण कडक: ज्या डिमॅट खात्यांत तुम्ही एकटे किंवा पहिले धारक आहात, असं खातं सगळ्या देशात मिळून एकच हवं. ॲपचं खातं उघडं असेपर्यंत ही सवलत मिळणार नाही. म्हणून ते नुसतं रिकामं करून सोडून देणं पुरेसं नव्हतं, बंदच करायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. मोबाइलवर जे एक ॲप दिसतं, त्याच्या मागे चार वेगळी खाती उभी असतात आणि ती सांभाळणारे वेगवेगळे असतात. शेअर असतात डिपॉझिटरीकडे, त्याच्या बाबतीत सीडीएसएलकडे. ॲपची कंपनी ही फक्त डिपॉझिटरीची सहभागी, म्हणजे डीपी. खरेदी-विक्रीचं ट्रेडिंग खातं आणि त्यातली रोख ब्रोकरच्या वहीत असते. फंडाची युनिट्स, निदान त्याच्या बाबतीत, फोलिओच्या रूपात थेट फंडाच्या निबंधकाकडे, म्हणजे गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, होती. आणि खात्यातून पैसे ओढण्याची परवानगी, म्हणजे मँडेट, ती असते बँकेकडे. यातलं एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. ॲप मोबाइलमधून काढून टाकलं, तर यातलं काहीच बंद होत नाही.

५९० रुपये कुठे गेले

भावानं सुरुवात बँकेपासून केली होती. २ ऑगस्टला नेटबँकिंगमध्ये जाऊन त्यानं फंडाचं ई-मँडेट रद्द केलं. पैसे ओढायची परवानगीच काढून घेतली की बाकी सगळं आपोआप थांबेल, असा त्याचा हिशेब. ऐकायला बरोबर वाटतो.

पण एसआयपी ही एक सूचना आहे आणि मँडेट ही दुसरी. एसआयपीची सूचना ॲपच्या मागच्या यंत्रणेत जिवंत होती. ५ ऑगस्टला तिनं नेहमीप्रमाणे बँकेकडे हप्ता मागितला. मँडेट नसल्यानं बँकेनं मागणी परत पाठवली आणि परत पाठवण्याचा दंड लावला: ५०० रुपये आणि त्यावर ९० रुपये जीएसटी. धनादेश वटला नाही की जो दंड बसतो, त्यातलाच हा प्रकार. दुसरी एसआयपी १० तारखेची होती, म्हणजे राखीपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी, आणि तो रविवार होता, तेव्हा मागणी सोमवारी जाणार. आम्ही राखीपौर्णिमेच्या रात्रीच दोन्ही एसआयपी ॲपमधून रद्द केल्या. तरी ११ तारखेला दुसरी मागणी गेलीच आणि आणखी ५९० रुपये गेले, कारण हप्त्याची मागणी एक-दोन कामाचे दिवस आधीच रांगेत लावलेली असते. रद्द करण्याची विनंती त्या रांगेच्या मागे पडते.

मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती आपोआप रद्द होते, हे पुष्कळांना माहीत असतं आणि म्हणून काही जण ती तशीच मरू देतात. पण तीन चुकलेले हप्ते म्हणजे बँकेचे तीन दंड. भावाच्या दोन एसआयपी तशाच सोडल्या असत्या तर सहा वेळा ५९० रुपये गेले असते.

बरोबर क्रम असा होता: आधी ॲपमध्ये एसआयपी रद्द करायची, तीही हप्त्याच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी. रद्द झाल्याचा ईमेल येऊ द्यायचा. पुढची हप्त्याची तारीख काही न घडता जाऊ द्यायची. आणि मगच बँकेत मँडेटला हात लावायचा. मधल्या काळात खात्यात एका हप्त्याइतकी रक्कम ठेवावी. चुकून हप्ता गेलाच तर फंडाची युनिट्स मिळतात, पैसा बुडत नाही. दंडाचा पैसा मात्र गेला तो गेलाच.

तीन मँडेट, त्यातलं एक विसरलेलं

बँकेत मँडेट शोधायला बसल्यावर पहिली अडचण नावाची आली. भाऊ यादीत ॲपचं नाव शोधत होता आणि ते कुठेच नव्हतं. फंडाचे हप्ते ॲप स्वतः ओढत नाही, बाजाराची क्लिअरिंग संस्था ओढते, आणि मँडेट तिच्या नावानं असतं. त्याच्या पासबुकात नोंद होती ती अशी:

```
ACH D- INDIAN CLEARING CORP
```

एसीएच डी म्हणजे मँडेटवरून झालेली वजावट. गेल्या वर्षभराच्या खातेउताऱ्यात ही अक्षरं शोधली की कुठून कुठून पैसे ओढले जातात ते कळतं. अशा प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा वीस अक्षरी क्रमांक असतो. बँकेशी बोलताना तोच द्यायचा, ॲपचं नाव सांगून तिथे काही सापडत नाही.

दुसरं मँडेट यूपीआय ऑटोपेचं निघालं. दर महिन्याला थोडे शेअर घ्यायची सोय ॲपमध्ये होती आणि त्यासाठी त्यानं कधीतरी ५,००० रुपयांपर्यंतची परवानगी दिली होती. ही परवानगी बँकेच्या नेटबँकिंगच्या यादीत दिसलीच नाही. ज्या यूपीआय ॲपवरून दिली, त्याच ॲपमधल्या ऑटोपेच्या पानावर ती होती आणि तिथेच पिन टाकून रद्द झाली. तो जर मधल्या काळात यूपीआयचं ॲप बदलून बसला असता, तर हे मँडेट कुठे दिसतं ते शोधण्यातच एक संध्याकाळ गेली असती.

तिसरं मी मागे लागले म्हणून सापडलं. "तू हिंजवडीत नोकरी बदलण्याआधी पगार कुठे यायचा?" असं विचारलं तेव्हा त्याला जुन्या बँकेतलं खातं आठवलं. २०२१ मध्ये पहिली एसआयपी त्या खात्यावरून सुरू होती. नोकरी बदलल्यावर त्यानं नवं मँडेट दिलं, पण जुनं रद्द केलं नाही. त्याच्यावर आता कुठलीही एसआयपी चालू नव्हती, म्हणून पैसे जात नव्हते. पण परवानगी जिवंत होती, आणि तीही हप्त्याच्या रकमेची नव्हे, एक लाख रुपयांपर्यंतची. मँडेट देताना वरची मर्यादा मोठी ठेवतात, म्हणजे पुढे एसआयपी वाढवली तर पुन्हा सही लागत नाही. सोय म्हणून हे ठीकच आहे. पण दोन हजारांच्या हप्त्यासाठी लाखाची परवानगी दिली आहे, हे देणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, आणि मला याची खरोखर काळजी वाटते. जुन्या बँकेच्या शाखेत यूएमआरएन लिहून एक साधा अर्ज दिला, पोच घेतली आणि आठवड्याभरात ते रद्द झालं.

फोलिओतल्या युनिट्सना आम्ही हात लावला नाही. ती डिमॅटमध्ये नव्हती, त्यामुळे हलवायचा प्रश्नच नव्हता. ॲपचं खातं गेल्यावरही ती निबंधकाकडे तशीच राहतात आणि फंडाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून दिसतात, विकता येतात. आपली युनिट्स डिमॅटमध्ये आहेत की फोलिओत, हे दर महिन्याला ईमेलवर येणाऱ्या एकत्रित खातेउताऱ्यात, कॅसमध्ये, स्पष्ट वेगळं छापलेलं असतं. ते न पाहता अर्ज भरू नये.

"आपलंच खातं" म्हणजे कोणाचं

अर्ज तीन वेळा का नाकारला, ते मी एकेक करून पाहिलं. पहिल्यांदा कारण सरळ होतं: खात्यात शेअर शिल्लक. दुसऱ्यांदा: सोन्याचा ईटीएफ मार्जिनसाठी तारण ठेवलेला. तारण सोडवायची विनंती ११ ऑगस्टला टाकली आणि दुसऱ्या दिवशी तो मोकळा झाला. त्यात फार काही नव्हतं.

तिसरा नकार मात्र समजून घेण्यासारखा होता. शेअर हलवून खातं बंद करण्याचे दोन रस्ते असतात. एक, आपण आधी सगळे शेअर बाजाराबाहेरच्या हस्तांतरणाने दुसऱ्या डिमॅटमध्ये न्यायचे आणि मग रिकामं खातं बंद करायला सांगायचं. यात ॲप प्रत्येक कंपनीमागे फी घेत होतं: २५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे बारा ठिकाणी मिळून ३५४ रुपये. दुसरा रस्ता, खातं बंद करण्याच्या अर्जातच "शिल्लक शेअर या खात्यात हलवा" असं लिहून द्यायचं. सेबीच्या नियमानुसार डिमॅट बंद करायला फी नसते, आणि बंद करताना त्याच धारकाच्या दुसऱ्या खात्यात शेअर गेले तर हस्तांतरणाचीही फी नसते. भावानं दुसरा रस्ता धरला, ते बरोबरच केलं.

पण त्यानं अर्जात खाता क्रमांक दिला तो त्याच्या बायकोच्या डिमॅटचा. त्या खात्यात ती पहिली धारक आणि हा दुसरा. त्याच्या मनात ते "आमचं" खातं होतं. नियमाच्या नजरेत ते वेगळ्या धारकांचं खातं आहे. फीची सवलत मिळायला दोन्ही खात्यांतले धारक तेच हवेत, त्यांचा क्रम तोच हवा, पॅन तोच हवा. इथे एकाच्या नावावरून दोघांच्या नावावर, आणि तेही बायको पहिली, असं जाणार होतं.

नाकारलं ते बरं झालं. फी भरून ते शेअर तिथे गेले असते तर ती बायकोला दिलेली भेट ठरण्याची शक्यता होती. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, पण त्या शेअरवरचं उत्पन्न पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवावं लागतं. दरवर्षी हा हिशेब वेगळा ठेवायला लागला असता.

तेव्हा बँकेत त्याच्या एकट्याच्या नावानं नवीन डिमॅट उघडलं. मध्ये १५ ऑगस्टची सुट्टी. २० तारखेला नव्या खात्याचा सीएमआर, म्हणजे धारकाचं नाव, पॅन, खाता क्रमांक असलेलं एक पानी प्रमाणपत्र, बँकेच्या शिक्क्यासह हातात आलं. नव्या बँकेची डिपॉझिटरी एनएसडीएल होती. इथे क्रमांक लिहिताना एक सावधगिरी हवी. सीडीएसएलचा क्रमांक सलग सोळा अंकी असतो. एनएसडीएलचा क्रमांक IN ने सुरू होणारा डीपी क्रमांक आणि त्यापुढे आठ अंकी ग्राहक क्रमांक, असा दोन भागांत असतो. अर्जावरचे चौकोन एका पद्धतीचे आणि आपला क्रमांक दुसऱ्या पद्धतीचा असला की लोक शून्य घालून चौकोन भरतात. तसं करू नये. आंतर-डिपॉझिटरी हस्तांतरणाचा रकाना वेगळा असतो, तो शोधून भरावा. सीएमआरवर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर.

एक गोष्ट मी त्याला आठवणीनं करायला लावली. अर्जात "डिमॅट" आणि "ट्रेडिंग" या दोन्हींच्या चौकोनांत खूण असायला हवी. नुसतं डिमॅट बंद केलं तर ट्रेडिंग खातं ब्रोकरच्या वहीत तसंच उघडं राहतं.

कुरिअर, ओटीपी आणि न हलणारा बारावा

अर्ज आणि सीएमआर २१ ऑगस्टला कुरिअरनं गेले. २५ ला दुपारी भावाचा फोन आला, जरा घाबरलेला. डिपॉझिटरीकडून एसएमएस आणि ईमेल आला होता, त्यात शेअर बाहेर जाण्याला संमती द्या, अशी लिंक होती. त्याला वाटलं कुणी फसवतंय. अशा संदेशावर संशय घेणं योग्यच आहे. मी त्याला इतकंच सांगितलं की लिंकवर जाण्याआधी त्यातली कंपन्यांची नावं, शेअरची संख्या आणि जिथे जायचं त्या खात्याचा क्रमांक अर्जाच्या झेरॉक्सशी ताडून बघ. सगळं जुळलं, त्यानं ओटीपी टाकला. बाजाराबाहेरच्या हस्तांतरणाला धारकाची अशी थेट संमती लागते. ती वेळेत दिली नाही तर अर्ज पुन्हा मागे जातो. ज्यांचा डिमॅटमधला मोबाइल क्रमांक जुना आहे, त्यांचं काम इथेच अडतं.

२६ तारखेला नव्या खात्यात शेअर दिसले. बारापैकी अकरा. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी, बाजार बंद, बँका बंद. घरी गणपती बसले आणि आम्ही दोघं आरतीनंतर त्या बाराव्याचा विचार करत बसलो.

बारावा होता एका कंपनीच्या विभाजनातून मिळालेला शेअर. त्याच्याकडच्या एका कंपनीनं आपला एक व्यवसाय वेगळ्या कंपनीत काढला होता आणि जुलैमध्ये त्या नव्या कंपनीचे शेअर त्याच्या डिमॅटमध्ये जमा झाले होते. जमा झाले, पण बाजारात नोंदणी होऊन व्यवहार सुरू होईपर्यंत असे शेअर गोठवलेले असतात. विकता येत नाहीत आणि दुसऱ्या खात्यात हलवताही येत नाहीत. ॲपमध्ये ते बाकीच्यांसारखेच यादीत दिसतात, फक्त किंमत शून्य. त्या शून्यावरूनच ओळखायला हवं होतं. मी ते पाहिलं होतं आणि किंमत अजून आली नसेल असं समजून पुढे गेले. चूक माझी.

यावर उपाय नाही, थांबणं एवढंच. विभाजन, बोनस, हक्कभाग यांची कुठलीही गोष्ट अर्धवट असेल तर खातं बंद करायला घेऊच नये. नोंद-तारखेला, म्हणजे नवे शेअर कुणाला मिळणार हे ज्या दिवशीच्या यादीवरून ठरतं त्या दिवशी, शेअर जुन्या खात्यात असतील तर नवे शेअरही जुन्याच खात्यात येणार. आणि येण्याआधी ते खातं बंद झालेलं असलं, तर ते शेअर कंपनीच्या निबंधकाकडे अडकतात आणि कागदपत्रं देऊन सोडवून आणावे लागतात. लाभांशाची तितकी काळजी नाही. नोंद-तारखेला जे बँक खातं डिमॅटला जोडलेलं असेल त्यात तो जातो, आणि ते बँक खातं चालू असलं की पुरे.

नवी कंपनी ९ सप्टेंबरला बाजारात नोंदली गेली. उरलेले शेअर ११ ला नव्या खात्यात आले. २१ ऑगस्टचा अर्ज अपुरा म्हणून निकाली निघाला होता, त्यामुळे त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा ओटीपी.

उणे ८८.५०

१२ सप्टेंबरला ॲपनं चौथ्यांदा नकार दिला. भाऊ वैतागला, आणि त्याचं चुकलं असं म्हणणार नाही. कारण होतं: खात्यात येणे बाकी.

घडलं ते असं. २८ ऑगस्टला त्यानं ट्रेडिंग खात्यातले ६,४१२ रुपये सगळेच्या सगळे बँकेत काढून घेतले. खातं ८ जून २०२० चं, म्हणून तिमाही फी ८ सप्टेंबरला लागली. वहीत पैसा नाही, म्हणून शिल्लक उणे ८८ रुपये ५० पैसे झाली. उणे शिल्लक असताना ट्रेडिंग खातं बंद होत नाही. ॲपनं ईमेल पाठवला होता, पण शेअर आणि पैसे दोन्ही काढल्यावर त्यानं त्या ॲपचे ईमेल उघडणं सोडून दिलं होतं.

त्यानं लगेच शंभर रुपये भरले. उरलेले साडेअकरा रुपये बंद होताना परत आले. रोख सगळ्यात शेवटी काढावी, आणि त्यातही दोन-अडीचशे रुपये मागे ठेवावेत, हे त्यातून आम्ही शिकलो. आणि तिमाहीची तारीख जवळ असेल तर ती ओलांडायच्या आत काम संपेल असा अर्ज टाकावा, म्हणजे ती फीही वाचते.

१५ सप्टेंबरला दोन्ही खाती बंद झाल्याचं पत्र ईमेलवर आलं. त्याच रात्रीपासून ॲपमध्ये लॉगिन होईना.

लॉगिन जाण्याआधी उतरवून घेतलेल्या गोष्टी

लॉगिन जाणार हे मला माहीत होतं, म्हणून ऑगस्टमध्येच मी त्याच्याकडून चार गोष्टी उतरवून घेतल्या होत्या: पाच वर्षांच्या खरेदी-विक्रीची यादी, दरवर्षीचा नफा-तोट्याचा अहवाल, ब्रोकरची खातेवही आणि डिमॅटचा व्यवहार-उतारा. पहिली यादी सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती का ते लगेचच दिसलं.

नव्या बँकेच्या डिमॅटमध्ये शेअर आले, पण त्यांच्यासोबत खरेदीची किंमत आणि तारीख आली नाही. डिपॉझिटरी फक्त संख्या हलवते. नव्या खात्याच्या पानावर सगळ्यांची खरेदी किंमत शून्य. भावाकडे एका कंपनीचे ८० शेअर आहेत. त्यातले ६० त्यानं ऑगस्ट २०२१ मध्ये ४१० रुपयांनी घेतले आणि उरलेले २० शेअर जानेवारी २०२५ मध्ये ६५५ रुपयांनी. सप्टेंबरअखेर त्यानं ६० शेअर ७२० रुपयांनी विकले. नव्या खात्याच्या अहवालानं काय दाखवलं? ४३,२०० रुपयांचा अल्पकालीन नफा. २० टक्क्यांनी त्यावर ८,६४० रुपये कर.

खरा हिशेब वेगळा आहे. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात शेअर नेणं ही विक्री नाही, त्यामुळे मूळ किंमत आणि मूळ तारीख कायम राहते. आधी आलेला आधी गेला, या नियमानं विकलेले ६० शेअर २०२१ चे. प्रत्येकी ३१० रुपये नफा, एकूण १८,६००, आणि तो दीर्घकालीन. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही आणि त्या वर्षात त्याचा दुसरा नफा नव्हता. कर शून्य.

दोन्हींमधला फरक आहे तो त्या यादीचा. बँकेच्या पोर्टलवर आम्ही प्रत्येक खरेदी हातानं भरली: तारीख, संख्या, भाव. एकूण त्रेचाळीस नोंदी, एक रविवार गेला. पुढे विवरणपत्र भरताना प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, एआयएसमध्ये, हे हस्तांतरण बाजाराबाहेरची नोंद म्हणून दिसेल. तिथे ती स्वतःच्या खात्यातली बदली असल्याचं प्रतिसादात कळवायचं आणि दोन्ही सीएमआर, बंदपत्र व व्यवहार-उतारा एकत्र जपून ठेवायचा. मी त्याची एक फाइल केली आहे.

ॲपनं बंद करायचं टाळलं असतं तर? मग आधी त्यांच्या तक्रार विभागाला ईमेल, आणि तिथे दाद नाही लागली तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार. तिथे उत्तर द्यायला कंपनीला २१ दिवस असतात. आमच्यावर ती वेळ आली नाही. चारही वेळा नकाराला कारण होतं आणि ते लिहिलेलं होतं.

बंदपत्राची प्रत जोडून त्यानं बँकेला बीएसडीएसाठी पत्र दिलं. ऑक्टोबरची ५ तारीख रविवारी आली, म्हणून आम्ही ६ ला त्याचा खातेउतारा उघडला. एसीएच डीची एकही नोंद नव्हती. महिन्याच्या मध्याला सप्टेंबरचा कॅस आला, त्यात नव्या खात्यात बारा नावं होती आणि जुन्या खात्याच्या जागी शिल्लक काही नव्हती.